पाच मिनिटांचा सरपंचपती

महाविद्यालयातील साहित्यिक संध्याकाळ कशी असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सभागृहात सतरंजी किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या, व्यासपीठावर समई, शाल-श्रीफळ, एक पुष्पगुच्छ. पाहुणी लेखिका मधल्या खुर्चीत बसलेली असते. आणि मराठी विभागातला कुणीतरी हातात कागद घेऊन उठतो, ‘पाहुण्यांची ओळख करून देण्यासाठी’. त्याला पाच मिनिटे दिलेली असतात. तो पंधरा घेतो. या पंधरा मिनिटांकडे समीक्षा म्हणून आजवर कुणी पाहिलेले नाही. ती एक औपचारिकता आहे, असे आपण धरून चालतो.

मी ती औपचारिकता मानत नाही. ज्या सभागृहातील दहापैकी नऊ मुलांनी ती कादंबरी वाचलेली नाही, त्या सभागृहात परिचय हीच त्या कादंबरीची पहिली समीक्षा असते. पुढे मुले कोणते प्रश्न विचारणार, कोणते विचारायला धजणार नाहीत, हे या काही मिनिटांत ठरते. परिचय करून देणारा लेखिकेला बोलते करू शकतो, किंवा तिच्या आधी, तिच्या जागी बोलून टाकू शकतो. दुसऱ्या प्रकाराला आपल्या ग्रामीण भागात एक रोकडा शब्द आहे : सरपंचपती. निवडून बाई येते, सही बाई करते, आणि बोलतो तिचा नवरा. व्यासपीठावरचा परिचयकर्ता पुष्कळदा हेच काम करतो. तो पाच मिनिटांचा सरपंचपती असतो.

हे मी थोड्या शरमेने लिहितो आहे. कारण मीही हे केलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका कादंबरीकार बाईंचा परिचय माझ्याकडे आला. माझ्या घराण्यातला पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. व्यासपीठावर चुकू नये, ही धास्ती आमच्यासारख्यांच्या हाडात असते. म्हणून मी सगळे लिहून नेले. जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, पुरस्कार, त्यांची वर्षे. मग ‘धाडसी’, ‘दाहक’, ‘स्त्रीमनाचा वेध घेणारी’ ही विशेषणे. आणि शेवटी कादंबरीचे कथानक, अगदी अखेरच्या प्रकरणापर्यंत. टाळ्या पडल्या. बाई उठल्या आणि हसून म्हणाल्या, “सरांनी सगळं सांगितलंच आहे, आता मी काय बोलू?” सभागृह हसले. मीही हसलो. घरी जाताना नालासोपाऱ्याच्या गाडीत उभ्या उभ्या ते वाक्य माझ्या लक्षात आले. त्या वाक्यात तक्रार होती.

त्या परिचयात तीन दोष होते. पुरस्कारांची यादी दिल्याने ऐकणारा आदराने गप्प बसतो, आणि आदराने गप्प बसलेला प्रश्न विचारत नाही. विशेषणांनी पुस्तकावर झाकण बसते, कारण ‘धाडसी’ म्हटले की धाडस कशाविरुद्ध, कोणाविरुद्ध, हे सांगण्याची जबाबदारी टळते. आणि कथानक सांगितले की लेखिकेची जागाच हिरावली जाते. हे तिन्ही टाळून परिचय कसा करता येईल? हा प्रश्न हवेत सुटत नाही. त्यासाठी एक कादंबरी हातात घ्यावी लागते.

या वर्षी मी माझ्या वर्गासाठी कविता महाजन यांची ‘ब्र’ घेतली. कारण साधे आहे. कविता महाजन मूळच्या नांदेडच्या, पण अनेक वर्षे त्या आपल्या वसईत राहिल्या. कवयित्री म्हणून त्यांची ओळख होतीच. ‘ब्र’ ही त्यांची पहिली कादंबरी २००५ साली आली. २००७ साली ‘भिन्न’ आली. २०१८ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या गेल्या. आमच्या सभागृहातील मधल्या खुर्चीवर त्या आता कधीच बसणार नाहीत. म्हणून मी मुलांना सांगितले : समजा साल २००५ आहे. कादंबरी नुकतीच प्रसिद्ध झाली आहे. बाई वसईतूनच रिक्षाने आल्या आहेत. चार मिनिटांत त्यांची आणि त्यांच्या कादंबरीची ओळख करून द्या. पुरस्कार नकोत, विशेषणे नकोत, शेवट सांगायचा नाही.

एकोणीस कागद आले. त्यातले बहुतेक एकाच वाक्याने सुरू झाले होते : ‘शतकानुशतके मुक्या असलेल्या आदिवासी स्त्रियांना आवाज देणारी ही कादंबरी’. हे वाक्य वाचून मी वर्गात थांबलो. मागच्या बाकावर वारली समाजातील एक मुलगी बसते. ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, “सर, आमच्याकडं लग्न धवलेरी लावते. ती बाईच असते. ती गात नाही तोवर लग्न लागत नाही. मग मुकी कोण?”

वर्ग गप्प झाला. तिने एका वाक्यात आमच्या समीक्षेची चोरी पकडली होती. ज्या समाजात विवाहाचा विधी बाईच्या गळ्यातून होतो, त्या समाजातील बाईला मुकी म्हणणारे आपण कोण? शिवाय हा जिल्हा कोणता? १९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगाव भागांतील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तो याच मुलखात. मुके लोक उठाव करत नाहीत. स्वतः कविता महाजनांनी वारली लोकगीतांचे संकलन केलेले आहे. बाई गातात, हे ज्या लेखिकेने कानांनी ऐकलेले आहे, ती ‘मुक्यांना आवाज’ देण्यासाठी कादंबरी कशाला लिहील?

म्हणून परिचयाची सुरुवात कादंबरीच्या नावापासूनच झाली पाहिजे, हे आम्ही ठरवले. ‘ब्र’ हा शब्द मराठीत एकटा कधीच येत नाही. ‘त्याने ब्रसुद्धा काढला नाही’, ‘ब्र काढशील तर याद राख’, अशाच वाक्यांत तो जगतो. नकार किंवा धमकी, या दोनच घरांत त्याला आसरा आहे. म्हणजे ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी हा शब्द नाही. ज्याला बोलता येते, पण बोलू दिले जात नाही, त्याच्यासाठी आहे. मुके असणे आणि गप्प बसवले जाणे यांतला सगळा फरक या अर्ध्या अक्षरात आहे. लेखिकेने तो शब्द त्या नकारातून आणि धमकीतून बाहेर काढला आणि मुखपृष्ठावर एकटा उभा केला. हे सांगितले की कादंबरीचा गाभा सांगून होतो आणि कथानकाला हात लावावा लागत नाही.

दुसरी गोष्ट यंत्रणेची. ‘ब्र’मध्ये प्रफुल्ला नावाची एक शिकलेली, संसार मोडलेली बाई स्वयंसेवी संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागांत हिंडते आणि पंचायतींत निवडून आलेल्या बायकांना भेटते. या बायका निवडून कशा आल्या, हे ठाऊक नसेल तर कादंबरी नुसती दुःखाची मालिका वाटते. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा आणि तितकीच अध्यक्षपदे, म्हणजे आपल्याकडे सरपंचपदेही, स्त्रियांसाठी राखीव झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव झाल्या, आणि त्यांतही स्त्रियांचा वाटा ठरला. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला, पण तो कादंबरीनंतरचा भाग. एका मुलाने २००५च्या परिचयात ‘पन्नास टक्के’ लिहिले होते, दुसऱ्याने ‘पालघर जिल्हा’. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तोवर आपण ठाणे जिल्ह्यात होतो. परिचयातला एक तपशील चुकला की सभागृहातला जाणकार माणूस पुढचे काहीच खरे मानत नाही.

पण कायद्याच्या या आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे त्यातील फिरती. राखीव सरपंचपद एका गावाला कायमचे मिळत नाही. ते आळीपाळीने फिरते. एखादी बाई पहिली दोन वर्षे ग्रामसेवकाचे कागद समजून घेण्यात घालवते. तिसऱ्या वर्षी प्रोसिडिंग बुकात काय लिहिले आहे ते वाचून मगच सही करू लागते. चौथ्या वर्षी ‘हे काम झालेलंच नाही, मग बिल कसलं?’ असे विचारते. आणि पाचव्या वर्षी मुदत संपते. पुढच्या खेपेला पद खुले होते आणि तिला कुणी उभे करत नाही. गावातील प्रस्थापितांना तिला पाडावेही लागत नाही, त्यांनी नुसती वाट पाहिली तरी पुरते. जी मुदत संपण्याआधीच प्रश्न विचारते, तिच्यासाठी अविश्वास ठराव असतो. ‘ब्र’मधील बायकांचे दुःख या सापळ्यात आहे. ते नुसते ‘बाईचे दुःख’ नव्हे. अधिकार कागदावर मिळालेला आहे आणि तो वापरायला शिकेपर्यंत काढून घेतला जातो, असे हे राजकीय दुःख आहे. परिचयकर्त्याने ‘स्त्रीमनाची घुसमट’ म्हटले की हा सापळा दिसेनासा होतो. त्याच्या जागी हुंदका उरतो.

आता सभागृह. परिचय कुणासमोर होतो, यावर तो काय असावा हे ठरते. २००५ साली वसई तालुक्यात समोर बसलेल्या कित्येक मुलांच्या गावांत ग्रामपंचायत होती. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा चार नगरपरिषदांबरोबर ५३ ग्रामपंचायती तिच्यात गेल्या. गावांनी विरोध केला. त्यातल्या २९ गावांचा वाद पुढे कितीतरी वर्षे चालला. महानगरपालिकेत प्रभाग असतो, नगरसेविका असते, पण ग्रामसभा नसते. गावातली कुणीही बाई उभी राहून हिशेब मागू शकेल, असे ठिकाणच राहत नाही. म्हणून माझ्या आजच्या वर्गातल्या पश्चिम पट्ट्यातील मुलांना ‘सरपंच’ ही आजीच्या काळची गोष्ट वाटते आणि पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्यांना ती कालची वाटते. एकाच बाकावर हे दोन काळ बसलेले असतात. २००५चा परिचय लिहिताना या दोघांना एकत्र आणणे, हीच मुलांची खरी कसोटी होती.

आणि आता तो प्रश्न, जो या पानांवर विचारला नाही तर कुठेच विचारला जाणार नाही. कविता महाजन आदिवासी नव्हत्या. मग आदिवासी बाईच्या ‘ब्र’वर त्यांचा हक्क काय? परिचयकर्ता सरपंचपती होऊ शकतो, तशी कादंबरीकारही होऊ शकत नाही काय?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा त्या नावातच तो होता. मुक्यांचा नायक मुक्यांमधलाच असला पाहिजे, हा त्या पाक्षिकाचा दावा होता. दलित साहित्याने तो दावा पुढे नेला आणि पांढरपेशा सहानुभूतीला दारातच अडवले. ते योग्यच केले. पण अडवणे म्हणजे दार कायमचे बंद करणे नव्हे. दारात उभे राहून काही गोष्टी विचारायच्या असतात. आपल्याच मुलखातील एक पुस्तक पाहा. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. त्याही वारली नव्हत्या. पण त्या पुस्तकाचे मोल यात आहे की वारल्यांनी कशाकशाला नकार दिला हे त्यात दिसते, आणि लिहिणारी बाई त्यांच्यात कुठे उभी होती हेही दिसते. आता दुसरे पुस्तक घ्या. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांना बोलते करून. येथे विचारणारी आणि सांगणारी एकाच वस्तीतल्या होत्या. प्रफुल्लाही घरोघर जाऊन विचारते. क्रिया तीच आहे, पण नाते निराळे आहे. पवार-मून यांना दार उघडणारी बाई ‘आपली पोरगी आली’ म्हणते. प्रफुल्लाला दार उघडणारी ‘संस्थेची बाई आली’ म्हणते.

‘ब्र’चे मोठेपण मला यात दिसते की ही कादंबरी हे नाते लपवत नाही. प्रफुल्ला शिकवायला आलेली नाही, तिचाच ‘ब्र’ अडकलेला आहे. ज्यांना ‘सक्षम’ करायला संस्थेने तिला पाठवले, त्यांच्याकडून ती बोलायला शिकते. आणि ज्या संस्थेच्या गाडीतून ती हिंडते, त्या स्वयंसेवी जगाचा ढोंगीपणाही कादंबरीच्या तपासणीतून सुटत नाही. मध्यस्थाला उघडे पाडणारी ही कादंबरी आहे, आणि लेखिका स्वतः मध्यस्थ आहे हे तिला ठाऊक आहे. सरपंचपती कोण आणि दुभाषी कोण, हे ओळखण्याची खूण माझ्या मते एकच : जो दुसऱ्याच्या वतीने बोलतो, तो बोलताना स्वतःला दाखवतो की लपवतो? सरपंचपती लपवतो. तो म्हणतो, “आमच्या सरपंचबाईंचं असं म्हणणं आहे.” दुभाषी म्हणतो, “हे त्या बोलल्या, आणि एवढं मला कळलं.”

मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘ब्र’मध्ये काही ठिकाणी माहिती कादंबरीवर मात करते. एकीची हकिकत संपते न संपते तोच दुसरीची सुरू होते, आणि वाचकाच्या मनात चेहरे मिसळू लागतात. शिवाय प्रफुल्ला हाच कादंबरीचा डोळा असल्याने आदिवासी सरपंच बाई प्रफुल्लाविषयी काय म्हणते, ती गेल्यावर पाड्यावर काय बोलणे होते, हे आपल्याला कळू शकत नाही. ती कादंबरी अजून लिहायची आहे. ती त्या पाड्यावरचीच मुलगी लिहील. हे म्हटल्याने ‘ब्र’ लहान होत नाही. पुढच्या कादंबरीची जागा तिने मोकळी ठेवली, एवढेच त्यातून कळते.

एवढी चर्चा झाल्यावर वर्गाने सर्व कागद बाजूला ठेवले आणि एकच परिचय मिळून लिहिला. तो मी येथे देतो. साल २००५ आहे, असे धरून वाचावा.

“मित्रहो, आज आपल्या समोर कविता महाजन आहेत. त्या वसईतच राहतात. स्टेशनवर तुम्ही त्यांना पाहिलेही असेल. त्यांची कविता काही जणांनी वाचली आहे. आज त्या पहिली कादंबरी घेऊन आल्या आहेत. नाव आहे ‘ब्र’.

हा शब्द आपल्या घरात कधी कधी येतो, आठवून पाहा. ‘ब्र काढू नकोस.’ तो कोण कोणाला म्हणतो, तेही आठवा. मग पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहा. तेथे फक्त ‘ब्र’ आहे. ‘काढू नकोस’ गळून पडले आहे. ते कसे गळून पडले, हे ही कादंबरी सांगते.

१९९३पासून गावच्या पंचायतीत तीनपैकी एक जागा बाईची आहे. आपल्या तालुक्यातही बायका सरपंच आहेत. तुमच्यापैकी कुणाची आई असेल, काकी असेल. तिला गावात कोणत्या नावाने ओळखतात? तिच्या, की तिच्या नवऱ्याच्या? ग्रामपंचायतीत ती कोठे बसते? कागद कोण वाचतो आणि सही कोण करतो? या कादंबरीत प्रफुल्ला नावाची एक बाई अशा बायकांना भेटत आदिवासी भागांत हिंडते. ती त्यांना विचारायला जाते. हळूहळू तिच्या लक्षात येते की उत्तर आपल्यालाही द्यायचे आहे. पुढे काय होते ते मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच बोलून टाकू. कविताताई आदिवासी नाहीत. या सभागृहात आदिवासी मुले-मुली बसलेली आहेत. ‘आमच्याविषयी तुम्ही का लिहिलंत, आमच्याकडून काय ऐकलंत, आणि जे ऐकलंत त्यातलं काय लिहिलं नाहीत’ हे विचारण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. असे प्रश्न उद्धटपणाचे नसतात. ही कादंबरी स्वतःच असे प्रश्न विचारते, म्हणून तिच्या लेखिकेला ते आवडतील, असे आम्हाला वाटते.

प्रश्नांसाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवला आहे. पहिले तीन प्रश्न मुलींनी विचारायचे आहेत. ती जागा राखीव आहे आणि ती फिरणार नाही. कविताताई, या, बोला.”

परिचय येथे संपतो. मोठ्याने वाचला तर फार तर अडीच मिनिटे लागतात. दिलेल्या चार मिनिटांतली उरलेली दीड मिनिटे लेखिकेला परत मिळतात. त्यात जन्मसाल नाही, पुरस्कार नाही, ‘धाडसी’ हा शब्द नाही. जे हवे त्याला ते मलपृष्ठावर मिळते. त्यात जे आहे ते मलपृष्ठावर मिळणार नाही : घरातली आठवण, ग्रामपंचायतीतली खुर्ची, आणि विचारण्याचा हक्क कोणाचा याचा उच्चार. कुणी म्हणेल, हक्काचा प्रश्न पाहुणीसमोर काढणे अतिथ्याला सोडून आहे. मला ते पटत नाही. लेखिकेला मखरात बसवणे हे तिला गप्प बसवण्याचे सुसंस्कृत रूप आहे. तिला प्रश्न विचारणे म्हणजे तिला बोलणारा माणूस मानणे.

“पहिले तीन प्रश्न मुलींनी विचारायचे” हे वाक्य धवलेरीची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीने घातले. ‘ती फिरणार नाही’ हेही तिचेच. मी ते खोडायला निघालो होतो, थट्टा वाटेल म्हणून. मग खोडले नाही.

शेवटी एक घरची गोष्ट. मराठवाड्यातल्या आमच्या गावात माझी आत्या एकदा राखीव जागेवर सरपंच झाली. बौद्धवाड्यातली पहिली. शाळेच्या नव्या खोलीचे उद्घाटन होते. सूत्रसंचालन करणाऱ्याने व्यासपीठावरच्या प्रत्येकाची ओळख करून दिली, आणि तिच्या जागी माझ्या मामांचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे नाव घेतले : ‘गावचे सरपंच’. मामा उठले, त्यांनी हार घातला, दोन शब्द बोलले. आत्या तिथेच बसली होती, व्यासपीठाच्या कडेला. मी तेव्हा शाळेत होतो, मला त्यात काही वावगे वाटले नाही. कित्येक वर्षांनी, मी मास्तर झाल्यावर, तिला विचारले की तू का गं बोलली नाहीस? ती म्हणाली, “माजं नाव घेतलं आसतं तर म्या बी बोलले आसते की. तयारी केली व्हती.”

तयारी केली होती. काय बोलणार होती, हे मी विचारले नाही. आता ती नाही.

म्हणून आमच्या महाविद्यालयात आता परिचयाचा कागद आधी वर्गात वाचला जातो. तो वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारतात : यात पाहुणीला बोलायला काही उरले आहे काय? उरले नसेल तर कागद परत. माझा कागद दोनदा परत आला आहे.